सगळे साहित्य असलेल्या ट्रेकरला भेट काय द्यावी? छोट्या, हलक्या आणि टिकाऊ वस्तूंची पारख

सह्याद्रीत वर्षानुवर्षे हिंडणाऱ्या माणसाकडे बूट, सॅक, स्लीपिंग बॅग, पोंचो आणि हेडटॉर्च हे सगळे असतेच, आणि ते त्याने स्वतःच्या पाठीला, पायाला आणि खिशाला पारखून घेतलेले असते. त्यामुळे त्याला भेट देताना आणखी एक मोठी वस्तू देण्यात अर्थ नसतो. त्याच्याजवळच्या साहित्यातला जो दुवा कच्चा आहे, तो भक्कम करणारी छोटी वस्तू द्यावी. तो दुवा कसा शोधायचा, वस्तू कशी निवडायची आणि कागदात गुंडाळण्याआधी ती घरी कशी तपासायची, एवढाच या लेखाचा विषय आहे. येथे गृहीत धरलेला ट्रेकर पावसाळ्यात दर रविवारी एखाद्या गडावर जातो आणि हिवाळ्यात एक-दोन मुक्कामांचे ट्रेक करतो. हिमालयाचा उल्लेख जेथे फरक पडतो तेथेच केला आहे.

आधी सॅक पाहावी

भेटीचा शोध दुकानात सुरू न करता घरातल्या बाल्कनीत सुरू करावा. रविवारी रात्री ट्रेकहून परतल्यावर सॅक वाळत टाकलेली असते आणि सामान पसरलेले असते. त्या वेळी दहा मिनिटे डोळसपणे पाहिले तर पुरेशा खुणा सापडतात. कपडे किराणा दुकानातल्या प्लास्टिकच्या पिशव्यांत गाठी मारून भरलेले असतील, तर पाणी आत शिरते हे त्याला ठाऊक आहे आणि त्यावर त्याने तात्पुरता उपाय केला आहे, असे समजावे. छातीवरच्या पट्ट्याला बक्कल नसून गाठ असेल, तर ते तुटून बरेच दिवस झाले आहेत. चेन लावल्यानंतर रनरच्या मागे दात पुन्हा उघडत असतील, तर रनर झिजला आहे. सॅकच्या आतल्या बाजूला हात फिरवल्यावर चिकटपणा लागला किंवा पांढरे पापुद्रे हाताला आले, तर कापडाचा जलरोधक लेप उतरू लागला आहे आणि ती सॅक आता पाऊस अडवणार नाही.

बुटांचीही पाहणी करावी. तळव्याचा रबरी थर आणि वरचा बूट यांच्यामध्ये फोमसारखा एक मधला थर असतो. त्याच्या कडेला अंगठ्याचे नख रुतवून पाहावे. भुगा पडला किंवा बारीक भेगा दिसल्या, तर तो सोल लवकरच निघणार आहे. याचे कारण आणि उपाय पुढे दिले आहेत.

वजनाचा नियम

दुसरी पायरी स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर पार पडते. एक वस्तू १०० ग्रॅमच्या आत असावी, आणि शक्यतो ती सध्या नेल्या जाणाऱ्या एखाद्या वस्तूची जागा घेणारी असावी. जी वस्तू सॅकमध्ये केवळ भर घालते, ती दुसऱ्या-तिसऱ्या ट्रेकनंतर घरी राहते. मग ती कितीही सुबक असो. जाहिरातीतले वजन पुष्कळदा सेल, पट्टा किंवा पिशवी वगळून दिलेले असते, म्हणून वस्तू हातात आल्यावर स्वतः वजन करावे.

टिकाऊपणाची पारख मात्र वजनाच्या उलट दिशेने ओढते, कारण अतिशय पातळ कापड आणि अतिशय बारीक प्लास्टिक हे कातळावर घासून लवकर जाते. माझे मत असे की जी वस्तू सॅकच्या आत राहते ती हलक्यात हलकी घ्यावी, आणि जी बाहेर लटकते किंवा खडकाला घासते तिच्यासाठी थोडे जास्त वजन सोसावे.

पावसाळ्यासाठी: गुंडाळून बंद होणाऱ्या पिशव्या

सॅकवरचे रेनकव्हर पाऊस पूर्णपणे अडवत नाही, हे पावसाळी ट्रेक करणाऱ्या प्रत्येकाला माहीत असते. पाणी मानेवरून पाठीवर येते आणि पाठ व सॅक यांच्या मधल्या, कव्हर नसलेल्या बाजूने आत झिरपते. पठारावर वारा सुटला की कव्हर शिडासारखे फुगते आणि कधी कधी उडून दरीत जाते. त्याच्या तळाशी पाणी साचले की सॅकचा खालचा भाग त्यातच बुडून राहतो, आणि स्लीपिंग बॅग नेमकी तेथेच ठेवलेली असते. म्हणून कोरडे राहायला हवे ते सामान आतूनच बांधावे लागते. त्यासाठी तोंड गुंडाळून बक्कल लावायच्या हलक्या नायलॉनच्या पिशव्या मिळतात. दुकानदार त्यांना ड्राय बॅग म्हणतात.

दुकानात या नावाखाली दोन अगदी वेगळ्या गोष्टी दाखवल्या जातात. एक असते राफ्टिंगसाठीची जाड, ताडपत्रीसारखी पिशवी. ती दणकट असते, पण जड आणि ताठ असल्यामुळे सॅकमध्ये कोपऱ्यांत बसत नाही. आपल्याला हवी ती दुसरी, म्हणजे मुठीत मावणारी, आतून लेप दिलेली आणि शिवणींवर पट्टी चिकटवलेली. शिवणीवर पट्टी नसेल तर सुईच्या प्रत्येक छिद्रातून पाणी येते, त्यामुळे पिशवी उलटी करून शिवण पाहिल्याशिवाय घेऊ नये.

एकच मोठी पिशवी देण्यापेक्षा तीन आकारांचा संच अधिक उपयोगी पडतो: फोन, पाकीट आणि औषधांसाठी साधारण ३ लिटरची, कपड्यांसाठी १० लिटरची आणि स्लीपिंग बॅगसाठी १५ ते २० लिटरची. तोंड किमान तीन वेळा गुंडाळावे लागते, म्हणून वरचा तिसरा हिस्सा रिकामा ठेवावा लागतो. १० लिटरच्या पिशवीत प्रत्यक्षात सातच लिटर सामान बसते, हे लक्षात ठेवून एक माप मोठे घ्यावे. रंग भडक आणि एकमेकांपासून वेगळे निवडावेत. अंधाऱ्या गुहेत औषधांची पिशवी हाताला लागण्यासाठी याचा उपयोग होतो.

घरी तपासताना पिशवीत हवा भरून तोंड गुंडाळावे, बक्कल लावावे आणि पिशवी गालाजवळ धरून दाबावी. सूक्ष्म फुसफुस ऐकू आली किंवा गालाला हवा लागली, तर शिवण किंवा कापड सदोष आहे. नंतर आत टिशू पेपर ठेवून ती दहा मिनिटे शॉवरखाली धरावी. कागद कोठे ओला झाला यावरून दोषाची जागा कळते. या पिशव्या पावसासाठी आहेत, बुडवून ठेवण्यासाठी नाहीत, एवढी मर्यादा देतानाच सांगावी. ओढा ओलांडताना सॅक पाण्यात पडली तर फोन वाचेलच असे नाही.

हेडटॉर्च द्यायचा असेल तर

हेडटॉर्च त्याच्याकडे असतोच, म्हणून तो बदलण्याचे कारण असेल तरच द्यावा. खोक्यावरचा ल्युमेनचा, म्हणजे प्रकाशाच्या मापाचा, मोठा आकडा हे कारण नव्हे. चालण्यासाठी २०० ते ३५० ल्युमेन पुरेसे होतात. पाहायच्या गोष्टी वेगळ्या आहेत. प्रकाश अगदी मंद करता येतो का, म्हणजे गुहेत किंवा मंदिरात झोपलेल्यांना त्रास होणार नाही? बटण कुलूपबंद करता येते का, की सॅकमध्ये दाबले जाऊन तो दिवसभर जळत राहील? उतरताना पायापुढे प्रकाश पडावा म्हणून दिवा खाली वाकवता येतो का, आणि वाकवलेला दिवा चालताना हिसक्यांनी आपोआप सरकत तर नाही ना?

खोक्यावरचे तासही जपून वाचावेत. प्रचलित मानकानुसार ही मुदत सुरुवातीच्या प्रकाशाचा दहावा हिस्सा उरेपर्यंत मोजतात. म्हणजे ४० तास लिहिले असले तरी त्यातले बरेचसे तास मिणमिणता उजेडच असतो. मुक्कामी ट्रेक करणाऱ्याला चार्ज होणारी बॅटरी आणि साधे ट्रिपल-ए सेल असे दोन्ही चालणारा दिवा सोयीचा पडतो, कारण गडावर चार्जिंग नसते, पण सेलची जोडी खिशात राहू शकते. चार्जिंगचे तोंड त्याच्या फोनच्या वायरचेच असावे, नाहीतर दिव्याबरोबर आणखी एक वायर वाहावी लागते. पाण्याच्या बाबतीत आयपीएक्स-४ म्हणजे सर्व बाजूंनी उडणारे पाणी सोसेल असा; पावसाळ्यासाठी हे किमान आहे. आयपीएक्स-७ म्हणजे एक मीटर खोल पाण्यात अर्धा तास टिकेल असा.

येथे एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण ती निवडीवर परिणाम करते. पावसाळ्यात धुके उतरले की कपाळावरचा प्रखर झोत धुक्यावरून परत डोळ्यांत येतो आणि समोर नुसती पांढरी भिंत उभी राहते. दिवा डोक्यावरून काढून कमरेच्या उंचीवर हातात धरला की पाऊलवाट पुन्हा दिसू लागते. म्हणून लांबवर सुईसारखा झोत टाकणाऱ्या दिव्यापेक्षा, जवळचा भाग पसरट उजळणारा दिवा सह्याद्रीसाठी बरा. घरी तपासताना अंधाऱ्या खोलीत भिंतीवर प्रकाश पाडून पाहावा: मधोमध डोळे दिपवणारा ठिपका आणि भोवती काळोख दिसला, तर तो दिवा बाजूला ठेवावा.

दुरुस्तीची थैली, जी स्वतः जुळवावी लागते

माझ्या मते सर्वांत चांगली भेट हीच आहे, आणि ती तयार मिळत नाही. दुकानात मिळणाऱ्या दुरुस्ती-संचांत तंबूच्या काठ्यांची आणि गादीच्या छिद्रांची सोय असते; आपल्याकडे मोडतात ते सोल, बक्कल, चेन आणि पट्टे.

सोलचे कारण समजून घ्यावे. पुष्कळ ट्रेकिंग बुटांचा मधला थर पॉलियुरेथेनचा असतो. हवेतल्या दमटपणामुळे हे रसायन हळूहळू तुटत जाते, आणि बूट वापरात नसला तरीही ते तुटतच राहते. उलट बंद खोक्यात, माळ्यावर दोन-तीन पावसाळे पडून राहिलेला, वरून नवाकोरा दिसणारा बूटच ऐन ट्रेकमध्ये तोंड उघडतो. एका बुटाचा सोल निघाला की दुसऱ्याचाही थोड्या वेळात निघतो, कारण दोन्हींचे वय एकच असते.

अशा वेळी डक्ट टेप गुंडाळण्याचा मोह होतो, पण तळव्याखालची टेप कातळावर आणि मुरमावर पाहता पाहता फाटते, शिवाय ओल्या खडकावर घसरते. त्यापेक्षा ३ मिलिमीटरची नायलॉनची दोरी घ्यावी. ती सोलच्या नक्षीतल्या खाचेतून, चवड्याखालून आडवी न्यावी, वर लेसच्या हुकांपाशी फुली मारून ओढावी आणि दुसरा फेरा टाचेच्या पुढच्या खाचेतून घ्यावा. खाचेत बसलेली दोरी जमिनीला कमी घासते. खाचा अरुंद असतील तर तेथे प्लास्टिकच्या केबल टाय ओवाव्यात आणि त्यांचे टोक बुटाच्या वरच्या बाजूला ठेवावे. टेप फक्त बुटाच्या वरच्या भागावर, दोरी सरकू नये एवढ्यासाठी वापरावी. असा बांधलेला बूट पायथ्याच्या गावापर्यंत नेतो. दर अर्ध्या तासाने गाठ पाहत राहावी लागते.

थैलीत पुढील वस्तू घालाव्यात. ३ मिलिमीटरची दोरी ४ मीटर. दीड मीटर डक्ट टेप, पेन्सिलच्या बोटभर तुकड्यावर घट्ट गुंडाळलेली. अख्खे रिंगण देऊ नये. २० सेंटिमीटरच्या केबल टाय सहा. एक लहान दाभण, दोन जाड सुया आणि मेण लावलेला नायलॉनचा दोरा ५ मीटर. पोंचो व सॅकच्या भोकांसाठी चिकटणाऱ्या नायलॉनच्या कापडाचे दोन तुकडे, ज्यांचे कोपरे कात्रीने गोल केलेले असावेत, कारण टोकदार कोपरा आधी सुटतो. चार सेफ्टी पिना. दाभणाच्या टोकावर बुचाचा तुकडा खोचावा, नाहीतर ती थैलीलाच भोक पाडते.

बक्कल आणि रनर हे दोन भाग मात्र सॅक पाहूनच घ्यावे लागतात. पट्ट्याची रुंदी पट्टीने मोजावी. बहुधा ती २०, २५ किंवा ३८ मिलिमीटर निघते. बक्कलच्या एका दांडीला चीर असलेला प्रकार मागावा, म्हणजे शिवण न उसवता पट्टा आत सरकवता येतो. निरनिराळ्या बनावटीचे नर आणि मादी भाग एकमेकांत बसतीलच असे नाही, म्हणून दोन्ही भाग द्यावेत. चेनच्या रनरच्या पाठीवर ५, ८ किंवा १० असा आकडा कोरलेला असतो. तो लिहून घ्यावा, आणि चेन वेटोळ्यांची आहे की सुट्या दातांची, हेही पाहावे. बॅगा दुरुस्त करणाऱ्याकडे दोन्ही वस्तू सहज मिळतात. हे सर्व मिळून वजन १०० ग्रॅमच्या आत राहते.

पाण्याचा फिल्टर कोणाला द्यावा आणि कोणाला देऊ नये

रविवारी सकाळी पायथ्याच्या गावातून दोन-तीन लिटर पाणी भरून दुपारी परतणाऱ्याला फिल्टर देऊ नये; तो कपाटात पडून राहील. गडावरच्या टाक्यांवर अवलंबून राहणाऱ्या, दोन-तीन दिवसांची रेंज मारणाऱ्या, म्हणजे डोंगररांगेतून एका गडावरून दुसऱ्या गडावर चालत जाणाऱ्या ट्रेकरला मात्र तो खरोखर लागतो, विशेषतः फेब्रुवारीनंतर, जेव्हा टाक्यांतले पाणी तळाला जाते.

पोकळ तंतूंचा, ०.१ मायक्रॉन छिद्रांचा, बाटली पिळून वापरायचा छोटा फिल्टर ५० ते १०० ग्रॅमचा असतो. तो जिवाणू आणि परजीवी अडवतो. विषाणू त्याहून बारीक असल्यामुळे त्यातून जाऊ शकतात, आणि पाण्यात विरघळलेली रसायनेही जातात. जेथे माणसांच्या वस्तीचे सांडपाणी मिसळण्याची शक्यता आहे, तेथे क्लोरीनच्या गोळ्याही वापराव्या लागतात आणि वेष्टनावर दिलेला वेळ, साधारण अर्धा तास, थांबावे लागते. गाळ आणि शेवाळ यांमुळे फिल्टर लवकर तुंबतो, म्हणून पाणी आधी सुती रुमालातून गाळावे. सोबतच्या पिचकारीने उलट्या दिशेने स्वच्छ पाणी मारून तो धुवावा लागतो. ती पिचकारी खोक्याबरोबर टाकून देऊ नये.

खरेदीच्या वेळी एकच चाचणी पुरेशी आहे: शीतपेयाची आणि पिण्याच्या पाण्याची अशा दोन रिकाम्या बाटल्या सोबत न्याव्यात आणि फिल्टर दोन्हींवर फिरवून पाहावा. दोन्हींच्या तोंडाचे आटे सारखे असतीलच असे नाही, आणि सैल बसलेल्या फिल्टरच्या कडेने न गाळलेले पाणी पेल्यात येते. हिमालयात जाणाऱ्याला आणखी एक सूचना द्यावी. एकदा ओला झालेला फिल्टर गोठला तर आतले तंतू फाटतात आणि बाहेरून काहीच दिसत नाही. म्हणून रात्री तो स्लीपिंग बॅगमध्ये घेऊन झोपावे.

किरकोळ, पण कामाच्या

आत गोटी नसलेली शिट्टी द्यावी, कारण गोटीची शिट्टी ओली झाली की अडकते. मात्र सॅकच्या छातीवरच्या बक्कलमध्येच शिट्टी आहे का, हे आधी पाहावे. शिट्टीबरोबर संकेतही लिहून द्यावा: मदतीसाठी एका मिनिटात सहा वेळा, मग एक मिनिट थांबून पुन्हा, उत्तर देणाऱ्याने मिनिटाला तीन वेळा. ओल्या कातळावर बसण्यासाठी फोमचा घडीचा तुकडा स्वस्त आणि अत्यंत हलका असतो. लोकरमिश्रित मोज्यांची जोडी मुक्कामी कोरडी ठेवण्यासाठी उत्तम, पण माप बरोबर हवे.

दोर, हार्नेस, हेल्मेट, कॅराबिनर यांपैकी काहीही आश्चर्याची भेट म्हणून देऊ नये. ज्यावर जीव टांगायचा ते साहित्य वापरणाऱ्याने स्वतःच निवडावे. किल्ल्या अडकवायचे दिखाऊ कॅराबिनर तर देऊच नयेत, कारण घाईत ते कोणी तरी दोरीला लावते. डझनभर हत्यारांचे जड मल्टिटूल आणि संकटात उलगडून वापरता येईल म्हणून विकले जाणारे, दोरी विणून केलेले मनगटातले कडे यांचाही ट्रेकवर फारसा उपयोग होत नाही.

एक प्रत्यक्ष निवड

माझ्या बहिणीने विचारले, “त्याच्याकडे सगळंच आहे, वाढदिवसाला काय देऊ?” भाचा पुण्यात नोकरी करतो, पावसाळ्यात दर रविवारी जातो आणि डिसेंबरात हरिश्चंद्रगडावर मुक्काम करतो. आम्ही सॅक पाहिली तेव्हा कपडे दुधाच्या मोठ्या प्लास्टिकच्या पिशवीत होते, कमरेच्या पट्ट्याला गाठ होती, आणि हेडटॉर्च दोन वर्षांचा पण ठणठणीत होता. बूट नवे होते. छातीच्या बक्कलमध्ये शिट्टी होती. हरिश्चंद्रगडावर मुक्कामाला जेवणाची आणि पाण्याची सोय स्थानिक लोकांकडे होते, त्यामुळे फिल्टर बाद झाला. हेडटॉर्च आणि शिट्टीही बाद झाली. उरल्या तीन पिशव्या आणि दुरुस्तीची थैली.

पट्टा मोजला तो ३८ मिलिमीटरचा निघाला, तर बहिणीने अंदाजाने २५ चे बक्कल आणून ठेवले होते. ते बदलून घेतले. बूट नवे असले तरी दोरी आणि केबल टाय थैलीत ठेवल्या, कारण गटात कोणाचा तरी सोल निघतोच आणि बांधायचे सामान ज्याच्याकडे असते त्यालाच हाक येते. भाच्याने थैली उघडून पहिल्यांदा बक्कल बाहेर काढले आणि म्हणाला, “मामा, हे माझ्याच सॅकचं माप आहे की!” बक्कल त्याने तेथेच बसवले.

देताना

वाढदिवस ऑगस्टात असला तरी पावसाळी वस्तू मे महिन्यातच द्याव्यात. पुठ्ठ्याची खोकी काढून टाकावीत, पण बिल जपून ठेवावे, कारण पिशवीच्या शिवणीतला दोष पहिल्या दोन पावसांतच दिसतो. क्लोरीनच्या गोळ्या दिल्या असतील तर मुदतीची तारीख थैलीवर मार्करने मोठ्या अक्षरांत लिहावी. हेडटॉर्चमध्ये साधे सेल असतील तर ते आत घालून देऊ नयेत. सेल पाझरून तारांना गंज चढतो, म्हणून ते वेगळ्या पुडीत द्यावेत आणि पावसाळा संपल्यावर दिवा कपाटात ठेवताना पुन्हा काढून ठेवायला सांगावे.